पालखी मुक्कामाच्या गावात पाणी, शौचालये आणि गर्दी : गेल्या वर्षी आमचे नेमके कुठे चुकले?

विहिरीकाठचा (धागाकर्ता)

आमचे गाव पालखी मार्गावर आहे आणि लोकसंख्या चार हजारांच्या आतबाहेर आहे. पालखी दुपारी येते, एक रात्र मुक्काम करते आणि पहाटे निघते. त्या सोळा-सतरा तासांत गावात आणि शिवारात किती लोक असतात, हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. गेल्या वर्षी पालखी गेल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून गावात जुलाबाचे रुग्ण दिसू लागले. कोणाचा मृत्यू झाला नाही, पण एकोणीस घरांत माणसे आजारी पडली आणि दोघांना तालुक्याला नेऊन सलाईन लावावे लागले.

आम्ही आदल्या रात्री मोठ्या विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी क्लोरीनची भुकटी, टाकली होती आणि त्याची नोंदही ठेवली आहे. टँकर याच विहिरीवरून भरले गेले. तरीही हे का झाले, आणि या वर्षी काय बदलावे, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, डॉक्टर नाही. म्हणून कृपया कामाच्या भाषेत सांगावे.

नाना_पाणीवाले

मी बावीस वर्षे आमच्या गावचा पाणीपुरवठा सांभाळला. तुमची टीसीएल कमी पडली, दुसरे काही नाही. वारीच्या दिवसांत नेहमीच्या दुप्पट मात्रा टाकायची. पाण्याला थोडा वास आला तर लोक कुरकुरतात, पण आजारी पडत नाहीत. आम्ही असेच करत आलो आणि आमच्याकडे कधी साथ आली नाही.

साथ_नोंदवही

नानांचे निम्मे बरोबर आहे. मात्रा कमी पडली असणार, पण विहिरीत दुप्पट टाकूनही ती कमीच पडली असती. मी जिल्ह्यात साथरोगाचे काम केले आहे आणि वारीत अनेक वर्षे ड्यूटी केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपली विहीर सहा मीटर व्यासाची आहे आणि पाणी चार मीटर आहे असे धरू. त्रिज्येचा वर्ग नऊ, त्याला ३.१४ ने आणि मग चारने गुणले की साधारण ११३ घनमीटर, म्हणजे १ लाख १३ हजार लिटर पाणी होते. हजार लिटरला अडीच ग्रॅम या नेहमीच्या हिशेबाने सुमारे पावणेतीनशे ग्रॅम टीसीएल लागते. ती तुम्ही रात्री टाकली. दुसऱ्या दिवशी दहा हजार लिटरचे टँकर भरायला लागले. अकरा टँकर गेले की रात्रीचे सगळे पाणी संपले. त्यानंतर विहिरीत जे आले ते झऱ्याचे नवे पाणी होते आणि त्यात औषधाचा कणही नव्हता. दुपारी पालखी पोहोचली तेव्हा लोकांनी बहुधा तेच पाणी प्यायले. ज्या विहिरीवर दिवसभर मोटर चालते तिच्यात आदल्या रात्री टाकलेली टीसीएल ही केवळ नोंदवहीपुरती असते.

त्यात आषाढ. पहिल्या पावसाने विहिरीत गढूळ पाणी उतरले असेल, तर तो गाळ आणि पालापाचोळाच क्लोरीन खाऊन टाकतो. शिवाय ओलसर खोलीत फाटक्या पोत्यात ठेवलेल्या टीसीएलची ताकद उरत नाही. चांगल्या मालात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असते. २० टक्क्यांच्या खाली गेलेला माल वापरू नये, म्हणूनच नमुना आधी प्रयोगशाळेत पाठवतात. आपण नमुना पाठवला होता का?

विहिरीकाठचा

नाही, पाठवला नव्हता. पोते आदल्या वर्षीचे होते. आपण केलेला अकरा टँकरचा हिशेब वाचून मी डोक्याला हात लावला. आमच्या विहिरीवरून त्या दिवशी तिसाहून जास्त खेपा झाल्या होत्या.

साथ_नोंदवही

मग या वर्षी औषध विहिरीत न टाकता टँकरमध्ये टाका. भरताना लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन बसले पाहिजे, असे मी धरते. दहा हजार लिटरला २० ग्रॅम क्लोरीन लागते. तुमच्या मालाची ताकद २५ टक्के निघाली, तर ८० ग्रॅम टीसीएल घ्यावी लागेल. ती बादलीभर पाण्यात ढवळावी, चुनकट गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टँकर भरायला सुरुवात होण्यापूर्वी टाकीत ओतावे, म्हणजे पडणाऱ्या पाण्याच्या धारेनेच ते मिसळते. भरलेल्या टँकरच्या झाकणातून वरून भुकटी फेकली तर ती एका कोपऱ्यात बसून राहते. त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे. ड्रायव्हर थांबत नाहीत, हे मलाही माहीत आहे, पण विहिरीपासून मुक्कामाच्या तळापर्यंतचा वेळही त्यात धरता येतो.

तपासणी मात्र टँकरवर न करता, माणूस ज्या तोटीला तोंड लावतो तिथे करावी. तिथे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन दिसले पाहिजे. पाण्यातले क्लोरीन रंगावरून दाखवणारी ओटी टेस्ट करताना पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचावा. बरेच जण नळी हातात धरून गप्पा मारतात आणि पाच मिनिटांनी रंग गडद दिसला की समाधानाने वहीत लिहितात. उशिरा चढणारा रंग अमोनियासारख्या घाणीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि जंतू मारण्याचे त्याचे बळ फारच कमी असते. पाण्यात लोह जास्त असेल तरीही पिवळी झाक येते, हे विसरू नये.

नाना_पाणीवाले

दहा सेकंदांची गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. आम्ही नळी उन्हाकडे धरून निवांत पाहत असू. टँकरचा मुद्दा मान्य आहे. पण आमच्याकडे साथ आली नाही, हेही खरेच आहे.

साथ_नोंदवही

नाना, आपल्या गावात मुक्काम असतो की फक्त विसावा?

नाना_पाणीवाले

विसावा. तासाभराचा.

रथामागे

मी नऊ वर्षे दिंडीबरोबर चालतो, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. आमच्या दिंडीचा स्वतःचा ट्रक आणि स्वतःचा छोटा टँकर असतो. तो आम्ही जिथे मिळेल तिथे भरतो. सरकारी पॉइंटवर रांग मोठी असेल तर शेतकरी दादाला विनंती करून बोअरवर भरतो. तंबूजवळ त्याच टँकरमधून प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी काढतो आणि पिंपात प्रत्येक जण आपला तांब्या बुडवतो. तुमच्या तोटीवर अर्धा मिलिग्रॅम असेलही, आमच्या पिंपात काय असते ते पांडुरंगालाच ठाऊक.

मागे एकदा फलटणच्या मुक्कामात आमच्यातल्या सहा जणांना जुलाब सुरू झाले. सर्वांनी तिथल्या पाण्याला दोष दिला. पण आम्ही तिथे पोहोचून चार तासही झाले नव्हते.

साथ_नोंदवही

आपण नकळत सर्वात महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. वारीतल्या देखरेखीची खरी अडचण हीच असते. पटकीचे जंतू पोटात गेल्यापासून जुलाब लागेपर्यंत काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो आणि बहुतेकांना दोन-तीन दिवस लागतात. वारकरी रोज पंधरा-वीस किलोमीटर पुढे सरकत असतो. लोणंदला दूषित पाणी प्यायलेला माणूस तरडगाव ओलांडून फलटणला आजारी पडतो. नोंद फलटणच्या पथकाच्या वहीत होते, धावपळ फलटणच्या पाण्यावर होते आणि लोणंदच्या बाजूला तीच विहीर मागून येणाऱ्या लोकांना पाणी देत राहते.

म्हणून आमच्या पथकाने वहीत तीन रकाने वाढवले होते : दिंडी क्रमांक रथापुढे की रथामागे, मागच्या दोन मुक्कामांत पाणी कुठून घेतले, आणि जुलाब कोणत्या वेळी सुरू झाले. एकाच दिंडीचे रुग्ण असतील तर त्यांचा टँकर, पिंप किंवा स्वयंपाक पाहायचा. वेगवेगळ्या दिंड्यांचे असूनही मागचा एक मुक्काम समान निघाला, तर मागे फोन करायचा. रुग्णांची बेरीज रोज वर पाठवली जाते, पण नुसत्या बेरजेवरून हे कधीच कळत नाही. २०१५ च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभात बाह्यरुग्णांच्या नोंदी टॅबलेटवर घेण्याचा प्रयोग झाला होता आणि त्यामुळे आकडे त्याच दिवशी हाती येत होते. वारीत मात्र केंद्रच रोज हलते, त्यामुळे साधन कागद असो वा टॅबलेट, "परवा कुठे होतात?" हा प्रश्न विचारावाच लागतो.

आणखी एक. मोठ्या माणसाला भाताच्या पेजेसारखे पाण्यासारखे जुलाब होऊन तो काही तासांत गळून गेला असेल, तर संख्या वाढण्याची वाट पाहू नये. प्रतिजैविक देण्यापूर्वी शौचाचा नमुना घ्यावा आणि नमुना वाटेत टिकवणाऱ्या कॅरी-ब्लेअर माध्यमात घालून पाठवावा. ओआरएस मात्र नमुन्यासाठी क्षणभरही थांबवू नये.

घाट_माथा

धागा गर्दीच्या सुरक्षिततेचाही आहे ना? मग पाण्यावरच का अडकलो आहोत? मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी यात्रेतल्या चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे माणसे गेली. माझे मामा त्या दिवशी डोंगराखाली होते. शौचालये आणि टीसीएल यांनी ती माणसे वाचली नसती. पोलीस वाढवा, हेच उत्तर आहे.

रांग_आणि_उतार

आपले दुःख समजू शकतो. पण मांढरदेवीचा संबंध पाण्याशी नव्हता असे म्हणता येणार नाही. तिथे नारळ फोडून पायऱ्यांवर पाणी आणि तेल सांडले होते, चढणीच्या अरुंद वाटेवर लोक घसरले आणि पडलेल्यांवर मागचे आले. नंतर दुकानांना आग लागली आणि गॅस सिलिंडर फुटले. म्हणजे ओली घसरडी जागा, उतार, दोन्ही बाजूंना दुकाने आणि मागच्यांना पुढचे न दिसणे, या चार गोष्टी एकत्र आल्या. आता मुक्कामाच्या गावात टँकर कुठे उभा असतो ते आठवा. बहुतेक ठिकाणी मुख्य रस्त्याच्या कडेला, उतारावर. तोट्या गळून खाली चिखल झालेला असतो आणि शेजारी चहाच्या टपऱ्या असतात.

मी स्थापत्य अभियंता आहे, म्हणून तोट्यांचा हिशेब देतो. एका तोटीतून मिनिटाला साडेसात लिटर पाणी येते असे धरले, तर लिटरची बाटली भरायला आठ सेकंद लागतात. बाटली लावणे आणि बाजूला होणे धरून माणशी पंधरा सेकंद. म्हणजे एका तोटीवर मिनिटाला चार माणसे, दहा तोट्यांवर चाळीस, तासाला चोवीसशे. पालखी तळावर येते त्या पहिल्या तासात पाण्याला येणारी माणसे याच्या कितीतरी पट असतात. जे उरतात ते थांबतात, आणि टँकर संपत आल्याचा आवाज झाला की पुढे रेटतात. नवा टँकर मागे घेत असताना त्याच्या भोवती जी झुंबड उडते, ती मला सर्वात जास्त धोक्याची वाटते.

उपाय तसा साधा आहे. टँकरवरून थेट पाणी देऊच नये. टँकर तळाच्या मागच्या बाजूने येऊन उंचावरच्या टाक्यांत रिकामा व्हावा आणि टाक्यांपासून पाइपने लांब ओळीत तोट्या काढाव्यात, तळाच्या तीन-चार ठिकाणी विभागून. येण्याची वाट एका बाजूने, जाण्याची दुसऱ्या बाजूने. खाली मुरूम आणि खडी, सांडपाण्याला चर. पालखीच्या रथाच्या वाटेवर किंवा दर्शनाच्या रांगेजवळ एकही तोटी नको.

पोलिसांबद्दल म्हणाल, तर ते कुठे उभे करता यावर सगळे अवलंबून आहे. चौरस मीटरमध्ये चार माणसांपर्यंत लोक स्वतःच्या पायांनी चालतात. सहाच्या पुढे गर्दी एखाद्या द्रवासारखी हलते आणि कोणाचाच स्वतःवर ताबा राहत नाही. ओळखण्याची खूण अशी, की माणसाला हात वर करून कपाळाचा घाम पुसता येत नाही, आणि उंचावरून पाहिल्यास गर्दीतून लाटा जाताना दिसतात. अशा वेळी पुढच्यांना काठीने मागे ढकलले तर मधले चिरडतात. अडवायचे ते शंभर-दोनशे मीटर मागे, जिथून लोक आत येत आहेत तिथे. त्यासाठी पुढच्या आणि मागच्या माणसाकडे वॉकीटॉकी हवी, कारण मोबाइलचे नेटवर्क त्या दिवशी कोलमडलेले असते.

घाट_माथा

मागे अडवण्याचा मुद्दा पटला. मामाही असेच सांगत असत, की खालून लोक येतच राहिले, वर काय झाले ते कोणालाच ठाऊक नव्हते.

रथामागे

शौचालयांबद्दल कोणीच बोलत नाही. निर्मल वारीमुळे फिरती शौचालये येऊ लागली हे फार चांगले झाले, विशेषतः बायकांसाठी. पूर्वी आमच्या दिंडीतल्या माउली अंधार असतानाच उठून शेतात जाऊन येत आणि त्यासाठी आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी पीत. पण पहाटे चारला जा, निम्म्या शौचालयांची टाकी भरलेली असते. मग पुन्हा शेतच.

साथ_नोंदवही

इथेही संख्येपेक्षा वेळेचे गणित चुकते. आपत्तीतल्या छावण्यांसाठी वीस माणसांमागे एक शौचालय असे म्हणतात, ते मुक्कामाच्या गावाला शक्य नाही. समजा तीनशे शौचालये आहेत. पहाटे चार ते साडेसहा ही खरी वेळ. माणशी पाच मिनिटे धरली तर एका शौचालयात तीस माणसे, सर्व मिळून नऊ हजार. माणशी पाच लिटर मैलापाणी धरले तर तीस माणसांचे दीडशे लिटर. टाकी दोनशे लिटरची असेल आणि संध्याकाळीच निम्मी भरली असेल, तर ती पहाटे पावणेसहाच्या आत तुंबणार. म्हणून रात्री एक ते तीनच्या दरम्यान सर्व टाक्या उपसल्या पाहिजेत. मैला उपसणारी गाडी गावाबाहेर उभी ठेवली तर रात्री दिंड्यांच्या ट्रकांमधून ती आत येऊ शकत नाही. मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे : गाडी होती, ड्रायव्हर होता, डिझेल होते, आणि रस्ता नव्हता. गाडी दुपारीच शौचालयांजवळ आणून ठेवावी आणि मैला कुठे रिकामा करणार, ती जागाही आधी ठरवावी.

उरलेले लोक शिवारातच जाणार, हे धरूनच चालावे. मग ते शिवार कोणते, हे आपण ठरवायचे. विहिरीच्या आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला दोरी बांधून प्रवेश बंद, खालच्या अंगाला दिवे, पाणी आणि चर खणलेली जागा.

धागाकर्त्यांना माझा प्रश्न आहे : आजारी पडलेली ती एकोणीस घरे कुठली होती?

विहिरीकाठचा

काल रात्री आशाताईंबरोबर बसून यादी काढली. एकोणीसपैकी चौदा घरे पूर्वेच्या वस्तीची आहेत. ती वस्ती मोठ्या विहिरीचे पाणी पीत नाही. तिची वेगळी लहान विहीर ओढ्याकाठी आहे. पालखीच्या रात्री ओढ्याच्या वरच्या माळावर सात-आठ दिंड्या उतरल्या होत्या आणि पहाटे पाऊस पडला होता. त्या लहान विहिरीत आम्ही टीसीएल टाकलीच नव्हती, कारण तिच्यावरून टँकर भरत नव्हते.

साथ_नोंदवही

आणि महाप्रसाद? गावजेवणातून विषबाधा झाली असती तर ते वेगळे दिसते. एकाच पंगतीतले लोक, बहुधा काही तासांत आणि उलट्यांनी सुरुवात.

विहिरीकाठचा

पंगत सगळ्या गावाची एकत्र होती आणि पश्चिमेकडच्या वस्तीत जवळजवळ कोणी आजारी नाही. पहिला रुग्ण पालखी गेल्यावर तिसऱ्या दिवशी आणि शेवटचा सहाव्या दिवशी.

साथ_नोंदवही

मग माझा संशय लहान विहिरीवर आहे. तिचा नमुना त्या वेळी घेतला गेला नाही, त्यामुळे खात्रीने सांगता येणार नाही. पश्चिमेकडच्या पाच घरांचेही उत्तर यातून मिळत नाही. कदाचित त्यांचे पूर्वेच्या वस्तीत जाणे-येणे असेल, कदाचित मोठ्या विहिरीचे पाणीही वाईट झाले असेल. ज्या वारकऱ्यांनी मोठ्या विहिरीचे पाणी प्यायले ते दोन मुक्काम पुढे गेले होते, आणि त्यांचे काय झाले ते तुमच्या वहीत येणार नाही. पुढच्या मुक्कामांच्या आरोग्य केंद्रांकडे त्या तारखांच्या नोंदी मागून पाहा.

नाना_पाणीवाले

लहान विहिरीला पालखी गेल्यावरही आठवडाभर रोज टीसीएल द्यावी लागेल. माळावरची घाण पुढच्या प्रत्येक पावसात खाली उतरते. हे मात्र मी अनुभवाने सांगतो.

साथ_नोंदवही

नानांचे हे म्हणणे पूर्ण बरोबर आहे.

विहिरीकाठचा

सर्वांचे आभार. परवा एक टँकर भरून चाचणी घेतली. टीसीएलचा नवा माल आला आहे आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला आहे. अहवाल येईपर्यंत ताकद २५ टक्के धरून ८० ग्रॅमचे निवळ पाणी आधी टाकीत ओतले. सकाळी नऊला टँकर भरला, साडेअकराला तोटीवर दहा सेकंदांत रंग पाहिला, अर्धा मिलिग्रॅम दिसला. मग रथामागे यांनी सांगितले तसे एका पिंपात पाणी काढून ठेवले आणि घरातल्या पोरांना तांबे बुडवायला सांगितले. दुपारी तीनला पिंपातल्या पाण्याला रंगच आला नाही.

ओढ्यावरच्या माळावर या वर्षी दिंड्या उतरवायच्या नाहीत, असे ग्रामसभेत ठरले. मात्र त्यांना पर्यायी जागा कोणाच्या शेतात द्यायची यावर वाद चालू आहे, कारण तिथे पेरणी झाली आहे. दिंड्यांच्या पिंपांना तोटी बसवून देण्याचा खर्च ग्रामपंचायत करू शकते. पण खासगी टँकर कोणी, कुठे अडवून तपासायचे? वेशीवर अडवले तर तिथेच रांग लागेल.

रथामागे

वेशीवर अडवू नका. आमचे टँकर पालखीच्या आधी सकाळीच मुक्कामी पोहोचतात आणि दुपारपर्यंत रिकामे उभे असतात. त्या वेळी एखादा मुलगा टीसीएलचे निवळ पाणी आणि ओटीची बाटली घेऊन तंबूंमधून फिरला, तर कोणी नाही म्हणणार नाही. मात्र त्याने आमच्या विणेकऱ्यांशी आधी बोलावे.